काळा हंस आणि निपाणीची विडी

युरोपात शतकानुशतके हंस म्हणजे पांढराच, असा समज होता. १६९७ साली डच दर्यावर्दींना पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले आणि तो समज मोडला. नसीम तालेब यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात हेच नाव अनपेक्षित घटनांना दिलं. अशा घटनेच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या: ती कुणाच्या अपेक्षेत नसते, तिचा परिणाम प्रचंड असतो, आणि घडून गेल्यावर 'हे तर होणारच होतं' असं सगळेच म्हणतात.

आपल्या भागातलं उदाहरण म्हणून मी नोटाबंदी घेतो. निपाणी म्हणजे तंबाखूची आणि विडीची पेठ. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी तेव्हा बहुतेक रोखीनंच चालायची. समजा, एका ठेकेदाराकडे २०० बायका आहेत आणि प्रत्येकीची आठवड्याची मजुरी ६०० रुपये. म्हणजे आठवड्याला १,२०,००० रुपये रोख लागणार. त्याच्या पाच वर्षांच्या वह्या बघितल्या तर हा आकडा सणासुदीला थोडा वर, पावसाळ्यात थोडा खाली. त्यावरून सरासरी निघते, प्रमाण विचलन निघतं, आणि वीसेक हजार जादा ठेवले की झालं, असं उत्तर येतं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. मूल्यानं बघितलं तर चलनाचा सुमारे ८६ टक्के भाग त्यात गेला. ठेकेदाराची शिल्लक होती, पण नोटा बाद झालेल्या. पुढच्या आठवड्यात चालू खात्यातून आठवड्याला ५०,००० रुपये काढायची मुभा मिळाली. तेवढ्यात ८३ बायकांची मजुरी भागते. उरलेल्या ११७ जणींनी काय करायचं?

गणित चुकलं नव्हतं. जे दिवस वहीत होते तेवढ्यांचंच ते गणित होतं. मग इतिहास बघायचा होता की, असं कुणी म्हणेल. १९४६ आणि १९७८ मध्येही मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या. पण १९७८ ला रद्द झालेल्या १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा चलनातला अगदी छोटा भाग होत्या. सामान्य माणसाच्या हातात त्या नसायच्याच. त्यावरून अंदाज बांधणाऱ्यानं 'मजुरीवर परिणाम नाही' असंच लिहिलं असतं.

दुसरी अडचण गुप्ततेची. हा निर्णय आधी कळला असता तर लोकांनी नोटा आधीच बदलल्या असत्या. म्हणजे ज्याचा अंदाज बांधता येतो, ते त्याच रूपात घडतच नाही. आणि ज्या मोजक्या लोकांना आधी ठाऊक होतं, त्यांच्यासाठी हा काळा हंस नव्हताच. तो कुणासाठी काळा, हे कोण कुठे उभा आहे यावर ठरतं.

मग हाती काय उरतं? धक्का कधी येईल हे सांगता येत नाही, पण आपण कुठे मोडू हे तपासता येतं. 'नोटा बंद होतील का?' याला उत्तर नाही. 'रोख मिळाली नाही तर किती आठवडे मजुरी देता येईल?' याला आहे. आपल्या ठेकेदाराचं उत्तर होतं: एकही नाही. हे ७ नोव्हेंबरलाही वहीतून काढता आलं असतं.