चुकीचा दर मेलने गेला, आता दुरुस्ती कशी कळवावी?

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते. पुरवठादारांची कोटेशनं माझ्याकडे येतात, त्यामुळे चुकलेला दर आणि त्याच्या मागोमाग येणारा दुरुस्तीचा मेल, दोन्ही मी घेणाऱ्याच्या बाजूने पाहते. पाठवणाऱ्याला वाटतं, मेल एका माणसाकडे गेलाय, त्यालाच कळवलं की झालं. पण कोटेशन आल्यावर काही तासांतच त्यातला आकडा मेलमधून बाहेर पडलेला असतो. मी तो तुलनापत्रकात भरते, तीन पुरवठादारांचे दर शेजारी शेजारी मांडते, ते पत्रक प्लँटच्या साहेबांकडे मंजुरीला जातं आणि अकाउंट्सवाले त्यावरून बजेटमधली शिल्लक बघतात. दुरुस्ती या प्रत्येक टेबलापर्यंत पोचावी लागते.

एका पुरवठादाराचं उदाहरण सांगते, कारण त्यात जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं. कोटेशन पाच बाबींचं होतं: फ्लँज, गॅस्केट, बोल्ट असं किरकोळ सामान आणि तिसऱ्या बाबीत स्टेनलेस स्टीलचे एक इंची बॉल व्हॉल्व्ह, 240 नग. दर लिहायचा होता 1,840 रुपये, टाइप झाला 1,480. म्हणजे 4,41,600 रुपयांच्या जागी 3,55,200. फरक 86,400 रुपयांचा, जीएसटी वेगळा.

संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आधी आउटलुकमधून मेल परत बोलवायचा प्रयत्न केला. ही सोय एकाच संस्थेच्या मेल-व्यवस्थेत चालते. बाहेरच्या कंपनीत गेलेला मेल तिने परत येत नाही. माझ्याकडे मूळ मेल जागेवर राहिला आणि वर, अमुक माणूस आपला मेल परत घेऊ इच्छितो, अशी एक सूचना येऊन पडली. जीमेलचं Undo Send सुद्धा सेटिंग बदलून जास्तीत जास्त 30 सेकंदच मिळतं. त्यानंतर गेलेला मेल गेलेलाच असतो, हे गृहीत धरूनच पुढचं करावं.

मग दुसरा मेल आला. विषयाच्या जागी मोठ्या अक्षरांत ‘URGENT – PLEASE IGNORE EARLIER MAIL’ आणि आत, चूक झाली आहे, क्षमस्व, सुधारित कोटेशन पाठवतो, एवढंच. काय चुकलं, कुठे चुकलं, किती चुकलं, काही नाही. शिवाय मूळ मेलच्या सीसीमध्ये प्लँटचे साहेब आणि अकाउंट्स होते. हा मेल फक्त मला आला. सकाळी सुधारित कोटेशन आलं, त्यावर क्रमांक तोच, तारीख तीच, फाइलचं नावही तेच. दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली, तेव्हा तिसऱ्या बाबीतला फरक सापडला.

साहेबांनी तोवर जुन्या दराचं तुलनापत्रक बघितलं होतं. त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “बाकीच्या चार दरांचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मेलमध्ये ते नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडून नव्याने कोटेशनं मागवली. खरेदी रखडली आणि ऑर्डर शेवटी दुसरीकडे गेली. वाईट याचं वाटतं की 1,840 हाही रास्तच दर होता. सुरुवातीला तोच लिहिलेला असता तर ऑर्डर बहुधा त्यांनाच मिळाली असती.

साहेबांच्या त्या प्रश्नात घबराटीचं सगळं कारण आहे. आकडा चुकू शकतो हे खरेदीवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. माणूस धास्तावतो तो चुकीची हद्द कळत नाही म्हणून. ‘आधीचा मेल विसरा’ असं वाचलं की वाचणारा सगळंच संशयाच्या यादीत टाकतो: दर, नग, डिलिव्हरीची मुदत, वॉरंटी, सगळं.

काही दिवसांनी त्यांच्या ऑफिसातल्या, नव्यानेच लागलेल्या मुलीचा फोन आला. “मॅडम, आम्ही काय लिहायला हवं होतं?” असं तिने सरळ विचारलं. तिला मी जो मजकूर सांगितला तो इथे देते. विषय: ‘दुरुस्ती: कोटेशन 117, बाब 3, बॉल व्हॉल्व्हचा दर’. आणि आत:

“नमस्कार मॅडम, काल पाठवलेल्या कोटेशन 117 मध्ये बाब 3 चा दर चुकीचा गेला आहे. बरोबर दर प्रति नग 1,840 रुपये आहे. टाइप करताना आकडे उलटसुलट होऊन 1,480 असा गेला. त्यामुळे 240 नगांची रक्कम 4,41,600 रुपये होते, 3,55,200 नव्हे, जीएसटी वेगळा. उरलेल्या चार बाबींचे दर, डिलिव्हरीची मुदत आणि पेमेंटच्या अटी पुन्हा तपासल्या आहेत, त्यांत बदल नाही. दुरुस्त कोटेशन 117-R1 सोबत जोडले आहे. आधीचे 117 रद्द समजावे. जुन्या दराने पीओ निघाला असल्यास कृपया कळवा, मी लगेच फोन करते. तसदीबद्दल क्षमस्व.”

हा मेल मूळ मेललाच ‘रिप्लाय ऑल’ करून पाठवायचा, म्हणजे तो त्याच साखळीत, त्याच माणसांकडे जातो. पण मी मूळ मेल आणखी कुणाला पुढे धाडला असेल, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून मजकूर असा हवा की मूळ मेल न बघितलेल्या माणसालाही तेवढ्यावरून सगळं कळावं. बरोबर आकडा आधी आणि चुकीचा नंतर लिहायचा, कारण घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला आकडा राहतो. एकूण रकमेतला फरक तुम्हीच काढून द्यायचा. तो लपवला तर समोरचा कॅल्क्युलेटर काढतोच आणि तेव्हा त्याला तुम्ही लपवलंत असंही वाटतं. ‘R1’ ही खूण पीडीएफवर, फाइलच्या नावात आणि मेलमध्ये, तिन्ही ठिकाणी हवी. माझ्या फोल्डरमध्ये दोन्ही फाइली राहणारच आहेत, आणि पीओ बनवणारा माणूस मी नसेन.

माफी शेवटी आणि एकदाच. लांबलचक माफीनाम्याने वाचणाऱ्याला वाटतं, प्रकरण दिसतंय त्याहून मोठं असावं. कारण मात्र जरूर द्यावं, कारण चूक कोणत्या जातीची आहे त्यावरून ती किती पसरली असेल हे ठरतं. इथे अकाउंट्सवाल्यांची एक जुनी युक्ती उपयोगी पडते. चुकीच्या आणि बरोबर आकड्यांतल्या फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे अंक अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. इथे फरक 360; 9 ने भागल्यावर 40. अशी चूक बहुधा एका ओळीपुरती असते. पण फरक बरोबर 18 टक्क्यांचा निघाला तर कुणीतरी जीएसटी दरातच धरलेला असू शकतो. किंवा आकडा जुन्या दरपत्रकातला असतो, किंवा शेकड्याचा दर नगाच्या रकान्यात पडलेला असतो. या चुका एकट्या राहत नाहीत, त्याच कोटेशनच्या आणखी ओळींत त्या सापडतात.

म्हणूनच दुरुस्तीचा मेल लिहायच्या आधी अख्खं कोटेशन दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावं. एक दुरुस्ती कुणीही समजून घेतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची दुरुस्ती आली की पुरवठादारावरचा विश्वास उडतो.

तपासायला वेळ लागणार असेल तर तोवर फोन करावा. “मॅडम, बाब तीनचा दर चुकलाय, त्यावर पीओ काढू नका, तासाभरात लेखी पाठवते,” एवढं पुरतं. घाई पीओची असते, आणि त्यामागे कायदाही आहे. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 5 सांगतं की दिलेला प्रस्ताव, त्याची स्वीकृती कळवण्याची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी मागे घेता येतो. तुमचं कोटेशन प्रस्ताव धरलं गेलं आणि पीओ निघाला, तर ती खिडकी बंद होते. त्याच कायद्याचं कलम 22 म्हणतं, केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत गफलत झाली म्हणून करार रद्दबातल ठरवता येत नाही.

घेणाऱ्यालाही मोकळं रान नसतं, हेही खरं. इंग्लंडमध्ये 1939 साली सशाच्या कातड्यांचा एक खटला गाजला. विक्रेत्याने दर नगावर द्यायच्या ऐवजी चुकून पौंडावर दिला होता, आणि एका पौंडात साधारण तीन कातडी बसत. त्या धंद्यात भाव नगावरच चालत, त्यामुळे चूक खरेदीदाराच्या ध्यानात आलीच असणार, असं म्हणून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. पण 1,480 आणि 1,840 मध्ये असं ढळढळीत काही नाही. दोन्ही दर खरे वाटतात. तिथे कायद्याच्या भरवशावर राहू नये.

पीओ आलेला असेल तर मेलचा सूर बदलायला हवा. तेव्हा ‘आधीचे रद्द समजावे’ म्हणता येत नाही, विनंती करावी लागते. फोन आधी, मेल नंतर, आणि मेलमध्ये पर्याय द्यावेत: पीओमध्ये दुरुस्ती करून द्याल का, की एवढा लॉट जुन्या दराने घेऊन पुढचा नव्या दराने घ्याल, की ऑर्डर रद्द करता. पर्याय समोर असले की साहेबांसमोर मला संकट घेऊन जावं लागत नाही, निवड घेऊन जाता येते. टॅक्स इनव्हॉइस निघालं असेल तर नुसत्या मेलने भागत नाही. जास्त रक्कम लागली असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम 34 प्रमाणे क्रेडिट नोट, कमी लागली असेल तर डेबिट नोट द्यावी लागते.

दर चुकून जास्त गेला असेल तरी हेच सगळं करावं. पुष्कळजण तिथे गप्प बसतात, घासाघीस होईल तेव्हा बघू म्हणतात. पण जास्त दरामुळे तुम्ही तुलनापत्रकात तळाला गेलेले असता, आणि घासाघिशीला मी तळाच्या माणसाला बोलावतच नाही.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या मेलमधून कधीच करू नये: बँक खात्याचा क्रमांक बदलणं. ‘आधीच्या इनव्हॉइसवरचे खाते चुकीचे आहे, पैसे या नव्या खात्यात भरावेत’ हा मजकूर फसवणूक करणारेच नेहमी वापरतात. पुरवठादाराच्या मेलमध्ये शिरून किंवा एका अक्षराने वेगळा पत्ता घेऊन ते असे मेल पाठवतात. आमचे अकाउंट्सवाले असा मेल आला की पेमेंट थांबवतात आणि आमच्या नोंदीतल्या जुन्या नंबरवर फोन लावतात, मेलमधल्या नंबरवर नाही. दुरुस्त कोटेशनच्या तळाशी खात्याचा तपशील छापलेला असतो, आणि नवी पीडीएफ बघून कुणाच्याही मनात ती शंका येऊ शकते. म्हणून त्या मुलीला सांगितलेल्या मजकुरात मी नंतर आणखी एक वाक्य घालायला लावलं: “बँक खात्याच्या तपशिलात कोणताही बदल नाही.”