भाडेकराराचे सारलेखन : विखुरलेल्या कलमांतून प्रमुख अटींकडे

प्रास्ताविक

वैचारिक उताऱ्याचे सारलेखन आपण यापूर्वी अभ्यासले आहे. तेथे लेखकाचा मध्यवर्ती विचार शोधून तो मूळ क्रमाने एक तृतीयांशात मांडावयाचा असतो. करारनाम्याचे सारलेखन मात्र या रीतीने करता येत नाही. करारात एका विषयाची माहिती एकाच ठिकाणी नसते. एक कलम हक्क देते आणि पुढचे एखादे कलम त्याच हक्काला मर्यादा घालते. म्हणून येथे कलमांचा क्रम बाजूला ठेवून वाचकाच्या प्रश्नांचा क्रम स्वीकारावा लागतो. भाडे किती, अनामत किती, किती काळ घर सोडता येणार नाही आणि सोडताना किती आधी कळवावयाचे, हे ते चार प्रश्न होत. प्रस्तुत घटकात एका नमुना कराराच्या आधारे आपण ही प्रक्रिया पाहू.

नमुना कलमे

नाशिक येथील एका सदनिकेचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार 1 जून 2024 ते 31 मार्च 2026 अशा 22 महिन्यांसाठी झाला आहे, असे समजू. 'लिहून देणार' म्हणजे घरमालक आणि 'लिहून घेणार' म्हणजे भाडेकरू. त्यातील पाच कलमे अशी आहेत :

कलम 3 : लिहून घेणार यांनी सदर मिळकतीच्या वापरापोटी दरमहा रु. 15,000/- प्रत्येक इंग्रजी महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ द्यावयाचे असून, सोसायटीचा देखभाल खर्च लिहून देणार यांनी व वीजबिल लिहून घेणार यांनी भरावयाचे आहे.

कलम 5 : लिहून घेणार यांनी रु. 60,000/- बिनव्याजी अनामत म्हणून दिले असून, मिळकतीचा रिकामा ताबा मिळतेवेळी थकीत भाडे, वीजबिल व नुकसानभरपाई वजा जाता उर्वरित रक्कम लिहून देणार यांनी परत करावयाची आहे.

कलम 9 : उभय पक्षांपैकी कोणासही एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन सदर करार संपुष्टात आणता येईल.

कलम 12 : कलम 9 मध्ये काहीही नमूद असले तरी, पहिल्या सहा महिन्यांच्या कालावधीत लिहून घेणार यांस मिळकत सोडता येणार नाही, सोडल्यास त्या कालावधीच्या उर्वरित महिन्यांचे भाडे देणे त्यांच्यावर बंधनकारक राहील.

कलम 14 : अकरा महिने पूर्ण झाल्यानंतर कलम 3 मधील रकमेत 5 टक्के वाढ होईल.

पहिली पायरी : कलमे प्रश्नांनुसार एकत्र करणे

प्रथम प्रत्येक कलमासमोर ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे पेन्सिलीने लिहावे. असे केले की भाड्याची माहिती कलम 3 व 14 अशा दोन ठिकाणी असल्याचे दिसते. केवळ कलम 3 पाहून 'भाडे रु. 15,000' असे लिहिणारा विद्यार्थी अर्धेच भाडे सांगतो. 1 मे 2025 पासून ते रु. 15,750 होणार आहे. 'अकरा महिन्यांनंतर 5 टक्के वाढ' असे मोघम न लिहिता तारीख व रक्कम काढून द्यावी, म्हणजे वाचकाला पुन्हा हिशेब करावा लागत नाही.

दुसरी पायरी : कर्ता आणि क्रियापद तपासणे

सारलेखनात सर्वाधिक चुका येथे होतात. कलम 12 चा सार अनेक विद्यार्थी 'सहा महिने करार मोडता येणार नाही' असा देतात. हे वाक्य सुटसुटीत असले तरी त्यातून कर्ता गळाला आहे. मूळ कलमात बंधन केवळ 'लिहून घेणार' यांच्यावर आहे. कलम 9 मधील 'उभय पक्ष' हे शब्द घरमालकाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून लागू राहतात. कर्ता नसलेला सार वाचून भाडेकरू सहा महिने निर्धास्त राहील आणि तिसऱ्याच महिन्यात त्याच्या हाती नोटीस पडेल.

आता क्रियापद पाहा. कलम 12 'मिळकत सोडता येणार नाही' असे म्हणते. 'पूर्वसूचना देता येणार नाही' असे म्हणत नाही. त्यामुळे सध्याच्या शब्दांनुसार भाडेकरूला 1 नोव्हेंबर 2024 रोजी नोटीस देऊन 1 डिसेंबरला ताबा सोडता येतो. दुसरी शब्दयोजना असती, तर नोटीस 1 डिसेंबरला देऊन 1 जानेवारी 2025 पर्यंत थांबावे लागले असते. एका क्रियापदाने एका महिन्याचा, म्हणजे रु. 15,000 चा फरक पडतो.

याच कलमाच्या आरंभीचे 'काहीही नमूद असले तरी' हे शब्दही लक्षात ठेवावेत. हे कलम आधीच्या कलमावर मात करते, याची ती खूण आहे. ती दिसताच दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचावीत.

तिसरी पायरी : करार जेथे मौन आहे, ते नोंदवणे

भाडेकरूने 31 ऑगस्ट 2024 रोजी घर सोडले, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांचे रु. 45,000 देणे लागते. ही रक्कम अनामतीतून वळती करता येईल का? कलम 5 मध्ये 'थकीत भाडे' एवढाच उल्लेख आहे. न राहिलेल्या महिन्यांचे भाडे त्यात येते की नाही, हे करार सांगत नाही. अशा वेळी सारलेखकाने स्वतः निवाडा करू नये. 'करारात स्पष्टता नाही' अशी नोंद करावी, म्हणजे सही करण्यापूर्वी दोन्ही पक्षांना ते लिहून घेता येते.

तयार सारांश

- भाडे : 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025 दरमहा रु. 15,000, 1 मे 2025 ते 31 मार्च 2026 दरमहा रु. 15,750. दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ. देखभाल खर्च मालकाकडे, वीजबिल भाडेकरूकडे. (कलम 3, 14)
- अनामत : रु. 60,000, बिनव्याजी. रिकामा ताबा देताना थकीत भाडे, वीजबिल व नुकसानभरपाई वजा करून परत. लॉक-इनचे भाडे यातून कापता येईल का, याबाबत करारात स्पष्टता नाही. (कलम 5)
- लॉक-इन कालावधी : 30 नोव्हेंबर 2024 पर्यंत भाडेकरूस घर सोडता येणार नाही, सोडल्यास त्या तारखेपर्यंतचे भाडे देय. मालकावर हे बंधन नाही. (कलम 9, 12)
- नोटीस कालावधी : एक महिना, लेखी, दोन्ही पक्षांसाठी. भाडेकरूने लॉक-इनमध्ये नोटीस देण्यास मनाई नाही. मात्र ताबा त्यानंतरच सोडता येईल. (कलम 9, 12)

प्रत्येक नोंदीअखेर कलम क्रमांक दिल्याने शंका आल्यास मूळ मजकूर लगेच पाहता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. बंधनकारक असतो तो नोंदणीकृत करारच. सारांश ही त्याच्याकडे नेणारी वाट आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. कलम 12 मध्ये 'लिहून घेणार यांस मिळकत सोडता येणार नाही' याऐवजी 'कोणत्याही पक्षास करार संपुष्टात आणता येणार नाही' असे शब्द असते, तर सारांशातील कोणत्या नोंदी बदलाव्या लागल्या असत्या? त्या पुन्हा लिहा.
2. आपल्या किंवा परिचितांच्या भाडेकरारातील अनामतीसंबंधीची सर्व कलमे शोधून त्यांचा सार तीन वाक्यांत लिहा. करार जेथे मौन आहे, ती जागा स्वतंत्रपणे नोंदवा.