आधी सैल सोडायला शिक

पोरी, दार लोट आणि बस. नवरा जवळ आला की मांड्या आपोआप मिटतात, खाली भिंत लागल्यासारखं होतं, आग होते, असं म्हणालीस ना? आपल्या चिंताकी गावात कुणी याला बाहेरचं म्हणेल, कुणी नखरे. डॉक्टर व्हजायनिस्मस म्हणतात. लघवी रोखताना आपण आवळतो तेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू भीतीनं मनाविरुद्ध आवळतात, डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटावी तसे. त्यावर जोर केला की दुखतं, आणि पुढच्या खेपेला ते आणखी लवकर आवळतात. पहिल्या रात्रीच्या ऐकीव गोष्टी, आधीचा एखादा जंतुसंसर्ग, कधी नकोसा स्पर्श, अशी कारणं असतात. कधी नेमकं कारण सापडतही नाही.

आधी बिदरच्या सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टरला दाखव. जखम, संसर्ग, पडद्याची अडचण नाही ना, ते कळू दे. 'थांबा' म्हटलं की थांबायचं, हे तपासणीआधीच ठरवून घे. ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट जवळपास मिळेलच असं नाही. हैदराबादला जायचं तर आधी फोनवर विचार.

आता मुख्य गोष्ट. कुणी नुसतं 'आवळण्याचा व्यायाम कर' म्हणालं तर ऐकू नकोस. तुला सोडायला शिकायचंय. पाठीवर निज, गुडघे वाकव, मांड्यांखाली उशा घे. श्वास पोटात घे, खालचा भाग सैल होऊन खाली उतरतोय ते जाणव. हे जमलं की आरशात ती जागा नीट बघ. मग नख कापलेली, धुतलेली करंगळी, तिला औषधाच्या दुकानातली पाण्यात विरघळणारी जेली लाव. वारा सोडताना देतो तसा हलका जोर दे आणि फक्त टोक आत जाऊ दे. थांब, श्वास घे. रोज दहा मिनिटं पुष्कळ झाली. ताण वाटला तर चालेल, पण दुखलं तर एक पायरी मागं ये. करंगळी सहज जाऊ लागली की मोठं बोट, मग थेरपिस्ट देईल त्या लहान-मोठ्या नळ्या. रक्त किंवा घाण वास आला तर बंद कर आणि दाखव. याला आठवडे लागतात, कधी महिनेही.

नवऱ्याशी अंथरुणात बोलू नकोस, शेताकडं जाताना बोल. म्हण, "मला तुम्ही नको असं नाही, माझं अंगच आवळतं. डॉक्टर म्हणेपर्यंत आत जायचा प्रयत्न करायचा नाही. बाकी जवळीक चालेल." बिचाऱ्यालाही आपणच नकोसे झालो असं वाटत असतं. पुढं त्याचं बोट, पण त्याच्या हातावर तुझा हात. मग तू वर. किती आणि कधी, ते तू ठरवायचं. तो ऐकत नसेल, जबरदस्ती करत असेल, तर व्यायाम राहू दे, माझ्याकडं निघून ये.

सासू 'गोड बातमी' विचारेल. तिला उपचाराचं सांगायचं बंधन नाही. आणि हो, वीर्य योनीच्या तोंडाशी सांडलं तरी कधीकधी दिवस जातात, म्हणून मूल नको असेल तर ती काळजी आत्ताच घे. निरोध वापरणार असाल तर खोबरेल लावू नका, रबर फाटतं.