बँक बंद असेल तर सिंक कधी करायचं?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात बैठकांना फिरताना तीन गटांमध्ये एकच प्रश्न आला. "ताई, शनिवारी सिंक केलं की लाल खूण येते, आमचं काय चुकलं?" तिघींचंही काही चुकलं नव्हतं. तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात.

सिंक म्हटलं की आपण एकच काम समजतो, पण त्यात दोन कामं आहेत. पहिलं, फोनमधल्या नोंदी संघाच्या संगणकावर चढणं. दुसरं, त्या नोंदी बँकेच्या उताऱ्याशी जुळवून बघणं. बँक बंद असली तरी पहिलं काम चालतं. दुसरं मात्र पुढे ढकलावं लागतं, कारण जुळवायला बँकेकडे त्या दिवसाचं काही नसतंच.

एका गटाचं उदाहरण सांगते. शुक्रवारी संध्याकाळी बैठक झाली. १२ जणींची २०० रुपयांप्रमाणे बचत २,४०० आणि कर्जाचे हप्ते ८,६०० असे ११,००० रुपये जमले. लेखनिक ताईंनी ॲपमध्ये 'बँकेत जमा' अशी नोंद करून टाकली, कारण सकाळी कोषाध्यक्ष भरणाच करणार होत्या. शनिवारी बँकेला कुलूप, रविवारी सुट्टी. शनिवारच्या सिंकमध्ये ११,००० चा फरक दिसला. लेखनिक ताईंना वाटलं नोंद चढलीच नाही. सोमवारी पैसे भरल्यावर त्यांनी तीच नोंद पुन्हा केली. आता बँकेत ११,०००, ॲपमध्ये २२,०००! एका ताईंनी स्वतःचं बचत पुस्तक ॲपशी ताडून पाहिलं, त्या महिन्याची बचत २०० ऐवजी ४०० दिसली, तेव्हा हे उघड झालं. बोलायला लागल्या म्हणून बरं, नाहीतर चुकीचा आकडा तसाच अहवालात गेला असता.

नोंद कशी हवी होती? शुक्रवारी ११,००० 'गटाकडे रोख' मध्ये. सोमवारी पावती हातात आल्यावर ती रक्कम रोखीतून बँकेत दाखवायची. म्हणजे शनिवारी सिंक झालं तरी बँकेच्या खात्यात फरक पडत नाही. आणि मधले दोन दिवस पैसे कोणाकडे आहेत, तेही कागदावर राहतं. शेजारच्या गावात तर रोख घरात ठेवलेली कोणाला माहीत नव्हती, त्यावरून आठवडाभर कुजबुज चालली होती.

पावती येण्याआधी 'बँकेत जमा' लिहायचं नाही, एवढं पाळलं तर सुट्टीचा बहुतेक त्रास संपतो. तरीही लाल खूण आली तर नवी नोंद न करता बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सिंक करून बघा.

महिनाअखेरचं प्रकरण वेगळं आहे. आपल्या संघात शेवटच्या तारखेला संध्याकाळी ६ पासून २ तारखेच्या दुपारपर्यंत महिन्याचा हिशेब बंद केला जातो. लेखापाल ताई बेरीज करत असताना एखाद्या गटाचा आकडा मध्येच बदलला तर सगळी बेरीज हलते. म्हणून त्या काळात नोंदी चढवणंही थांबतं. नोंद करणं मात्र थांबवायचं नाही. बैठक ३१ तारखेला रात्री झाली तर त्याच रात्री फोनमध्ये लिहा, ती 'सिंक बाकी' म्हणून पडून राहील. २ तारखेला दुपारनंतर चढवा.

इथे एक खोडी आहे. नोंद दोन दिवसांनी लिहायला घेतली तर ॲप आपोआप आजची तारीख घेतं. मग मार्चमध्ये भरलेला हप्ता एप्रिलमध्ये जातो आणि ती ताई मार्चची थकबाकीदार दिसते. तारखेच्या चौकोनावर बोट ठेवून बैठकीची तारीख निवडा. महिना बंद झाल्यामुळे ॲपने ती तारीख नाकारली तर तारीख बदलून नोंद घुसवू नका, कार्यालयात फोन करा. लेखापाल ताई तो महिना थोडा वेळ उघडून देतात.

'सिंक बाकी' आकडा शून्य होईपर्यंत ॲप काढून टाकू नका, फोन बदलू नका. त्या नोंदी तेवढ्याच फोनमध्ये असतात.

आणि बँकेच्या कर्जाचा हप्ता यात मिसळू नका. सिंक पुढे गेलं म्हणून हप्ता पुढे जात नाही. १ लाखाच्या कर्जावर ७ टक्क्यांनी दिवसाला साधारण १९ रुपये व्याज चढतं, सुट्टीच्या दिवशीही. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद असतात, तेव्हा ३१ मार्चच्या आसपासचा हप्ता दोन-तीन दिवस आधीच भरून टाका. त्या आठवड्यात आणखी कुठली सुट्टी येतेय, ते शाखेच्या दारावर लावलेल्या यादीत बघून ठेवा.