पहिलं पुस्तक: प्रकाशकाकडे द्यायचं की स्वतः छापायचं?

समजा, नात्यात राहून तुम्ही रायगडच्या वाटांवर पुस्तक लिहिलंय. ३०० प्रती, एका प्रतीची छपाई ७० रुपये, म्हणजे खर्च २१,००० रुपये. किंमत ठेवली १५०.

आता बघा, दुकानदाराने ४० टक्के कापले की हातात उरतात ९०. मग २३४ प्रती खपल्यावरच खर्च निघतो. स्वतः विकल्या तर १४० पुरतात.

म्हणून छापण्याआधी नक्की घेणाऱ्या १४० जणांची नावं वहीत लिहा. साठावरच अडलात, तर प्रकाशक गाठा. १० टक्के मानधन धरलं तर प्रतीमागे १५च रुपये मिळतील, पण तुमचे पैसे अडकणार नाहीत.

प्रकाशकानेच छपाईचे पैसे मागितले, तर तेही स्वतः छापणंच झालं. मग प्रती कोणाच्या ताब्यात, हक्क कोणाचे, हे करारात लिहून घ्या.