गोळी नको म्हणणारे अण्णा

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. वाईला आई आणि ते असे दोघेच राहतात. त्यांना बीपीची गोळी चालू आहे (टेल्मीसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र, सकाळी चहानंतर). दिवाळीत गेले तेव्हा कपाटात गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. विचारलं तर म्हणाले, ‘मला काही होत नाही, मग कशाला?’ रक्त तपासायला सत्तर तपासण्यांचं पॅकेज बुक केलं, तर आलेल्या मुलाला चहा पाजून परत पाठवलं. रोज सकाळी घाटावर मित्रांबरोबर तास-दोन तास बसतात. पण एसटीने आमच्याकडे डोंबिवलीला येणं मात्र हल्ली टाळतात. भाऊ म्हणतो, गोळी कुटून वरणात घाला. काय करू?

उत्तर : आधी भावाचा उपाय बाजूला ठेवू. चोरून दिलेली गोळी कधी ना कधी सापडतेच, आणि मग अण्णा वरणाकडेही संशयाने बघतील. काही गोळ्या कुटल्या की त्यांचं औषध हळूहळू सुटण्याऐवजी एकदम अंगात उतरतं, तो धोका निराळाच. शिवाय अण्णा भानावर आहेत, व्यवहार सांभाळतात. त्यांच्या पोटात काय जातं ते त्यांना माहीत असलंच पाहिजे.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, घाट आणि एसटी. मला वाटतं, उत्तर तिथेच आहे. त्यांच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड हा भाग लघवी वाढवणारा आहे. गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांत त्याचा परिणाम सुरू होतो आणि चौथ्या तासाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. सातला चहा, त्याबरोबर गोळी आणि नऊला घाट, असा हिशेब मांडून पाहा. या वयात प्रोस्टेटमुळे लघवीला घाई होतेच, त्यात ही भर. मित्रांमधून वारंवार उठून जायचं आणि वाई ते डोंबिवली प्रवासात गाडी कुठे थांबेल याची धास्ती घ्यायची, त्यापेक्षा गोळीच नको, असं त्यांनी ठरवलं असेल. मुलीला हे सांगायला त्यांना संकोच वाटणार. ‘मला काही होत नाही’ हे त्यावरचं सोपं उत्तर झालं.

हा माझा अंदाज आहे, खात्री तुम्हालाच करायची आहे. आई, भाऊ, नातवंडं यांच्यासमोर नको, दोघंच असताना विचारा. ‘गोळी का घेत नाही?’ असं विचारलंत तर बचाव ऐकायला मिळेल. ‘अण्णा, गोळी घेतली की त्रास काय होतो?’ असं विचारा आणि गप्प बसा. कदाचित लघवीऐवजी उठताना येणारी चक्कर निघेल, कदाचित औषधाचा खर्च निघेल. बाप बोलायला लागला की मुलं लगेच समजावायला घेतात, तेवढं टाळा.

कारण लघवीचंच निघालं, तर त्यावर इलाज आहे. डॉक्टरांना नेमकं तेच सांगा. ते गोळीची वेळ घाटावरून परतल्यानंतरची ठेवू शकतात. टेल्मीसार्टनचा परिणाम दिवसभर राहतो, त्यामुळे चार तास इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही. किंवा लघवीचा भाग काढून दुसरी गोळी देतील. रात्री देऊ नका. रात्री उठाउठ झाली की अंधारात पडण्याची भीती असते. हे बदल स्वतःच्या मनाने मात्र करू नका.

‘मला काही होत नाही’ हे अण्णांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरंच आहे. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवत नाही, आणि ही गोळी बंद केल्यावर ते काही दिवसांत हळूहळू चढतं. म्हणून वाद घालण्यापेक्षा दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन आणून द्या आणि सात दिवस नोंद त्यांनाच करू द्या. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीवर. सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर गेली, तर बीपी जास्त धरतात. या वयात किती चालेल हे डॉक्टर माणूस बघून ठरवतात.

समजा, सरासरी १५८/८८ आली. तो आकडा अण्णांच्या अक्षरात असेल आणि तुमच्याशी भांडतात तसं ते त्याच्याशी भांडणार नाहीत. आली १३२/७८, तर गोळी कमी करता येईल का, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना हक्काने विचारावा. तीही शक्यता खरी आहे, हे त्यांना आधीच सांगा. उठताना चक्कर येत असेल, तर बसून मोजल्यावर उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तेही डॉक्टरांना कळलं पाहिजे.

आता तपासणी. सत्तर तपासण्यांचं पॅकेज रद्द करा, त्या मुलाला परत पाठवण्यात अण्णांचं फारसं चुकलं नाही. इतक्या तपासण्यांत एखादा आकडा इकडे-तिकडे निघतोच, मग त्यामागे आणखी तपासण्या. ‘तपासलं की काहीतरी काढतात आणि ॲडमिट करतात’ ही भीती त्यातूनच येते. जिच्या उत्तराने उपचार बदलणार आहे, तेवढीच तपासणी मागा. इथे त्या तीन आहेत, सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. लघवीच्या औषधाने सोडियम उतरू शकतं, टेल्मीसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं आणि क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम कळतं. एकाच टोचणीत होतं, त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. ‘सोडियम कमी निघालं तर गोळी बदलायची, ठीक निघालं तर वर्षभर सुई नाही’ असा करार, डॉक्टरांना विचारून, आधीच करा. पुन्हा औषध सुरू झालं की ही तपासणी काही आठवड्यांत लागते, तेही त्यांना आधी सांगा, नाहीतर करार मोडला असं वाटेल.

काही वेळा मात्र मन वळवत बसायचं नसतं. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्रीचं भान गेलं, तर तो हट्ट नसतो. त्यामागे संसर्ग किंवा उतरलेलं सोडियम असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काही झालं, तर लगेच १०८ ला फोन करा. आणि अण्णांच्या जागी बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन घेणारं कोणी असेल, तर त्यांनी गोळी एकदम सोडू नये. बीपी उसळतं, बीटा ब्लॉकरच्या बाबतीत हृदयालाही धोका असतो.

हे सगळं करूनही अण्णा ‘नाही’ म्हणाले, तर त्या दिवशी विषय संपवा. मशीन घरात राहू द्या आणि पुढच्या भेटीत पुन्हा एकदाच विचारा. दरम्यान डॉक्टरांकडे जाल तेव्हा, ‘अण्णा गोळी घेत नाहीत’ एवढं सांगून थांबू नका. कधीपासून घेत नाहीत आणि घेतली की काय होतं, तेही सांगा. आणि हे अजिबातच सांगितलं नाही, तर गोळी चालू आहे असं धरून डॉक्टर डोस वाढवतील.