कॅनडासाठी अर्ज : अनुभवाचे निवेदन आणि कागदोपत्री पुरावा

कुशल कामगार म्हणून कॅनडात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या अर्जदारास आपल्या नोकरीचा तपशील निवेदनाच्या रूपाने द्यावा लागतो. हे निवेदन मालकाचे अनुभवपत्र, पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांच्याशी ताडून पाहिले जाते. त्यामुळे आधी कागदपत्रे तारखेनुसार लावावीत आणि मगच निवेदन लिहावे, हा क्रम श्रेयस्कर होय.

उदाहरणादाखल गारखेडा येथे राहणारा, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात काम केलेला एक यंत्र अभियांत्रिकी पदविकाधारक घेऊ. "जुलै २०१६ ते सप्टेंबर २०२२, गुणवत्ता नियंत्रण अभियंता" असे त्याने एका ओळीत लिहिले. पासबुकात मात्र पहिली वर्गणी जुलै २०१७ ची आहे. पडताळणी करणाऱ्यास येथे एक वर्ष वाढवून सांगितल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी की, पहिले वर्ष १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील होते आणि अशा उमेदवारांना भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही. शिवाय, अभियंतापद त्याला एप्रिल २०१९ मध्ये बढतीने मिळाले.

म्हणून या एका ओळीच्या तीन नोंदी करणे आवश्यक ठरते : १ जुलै २०१६ ते ३० जून २०१७, शिकाऊ उमेदवार, १ जुलै २०१७ ते ३१ मार्च २०१९, प्रशिक्षणार्थी अभियंता, १ एप्रिल २०१९ ते १५ सप्टेंबर २०२२, गुणवत्ता नियंत्रण अभियंता. पहिल्या नोंदीस शिकाऊ उमेदवारीचा करार, दुसरीस नेमणूकपत्र व तिसरीस बढतीचे पत्र जोडावे. अखेरची तारीख राजीनामा दिल्याची नव्हे, तर कार्यमुक्तीपत्रातील घ्यावी.

अनुभवपत्रात पदनाम, प्रत्यक्ष कामे, कालावधी, आठवड्याचे तास आणि वेतन यांचा उल्लेख असावा लागतो. कामांचे वर्णन प्रत्येक पदासाठी वेगळे हवे. प्रशिक्षणार्थी असताना मोजमापे घेणे आणि पुढे तपासणीची पद्धत ठरविणे ही कामे एकत्र लिहिल्यास कोणते काम कोणत्या काळातील, हे समजत नाही.

नोकरी सुटल्यानंतरचे रिकामे महिनेही दाखवावेत. कारण वैयक्तिक इतिहासात मागील दहा वर्षांत खंड राहू द्यावयाचा नसतो. जुन्या पत्रांवर "औरंगाबाद" असल्यास ते तसेच ठेवावे. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, एवढे एका वाक्यात नमूद करणे पुरेसे आहे.

पासबुकातील नोकरी सोडल्याची तारीख चुकली असल्यास मालक व कर्मचारी यांच्या संयुक्त घोषणापत्राद्वारे ती दुरुस्त करून घेता येते. चुकीच्या नोंदीशी जुळावे म्हणून निवेदनातील खरी तारीख बदलणे मात्र धोक्याचे आहे. महत्त्वाची माहिती चुकीची दिल्याचे अथवा दडविल्याचे ठरल्यास कॅनडाच्या कायद्यानुसार पाच वर्षे प्रवेशास अपात्र ठरविले जाते.